मीटरचं रीडिंग मधेच का गळतं? आरएस-४८५ लाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, जालना, संभाजीनगर, नांदेड भागातल्या डाळ मिल, जिनिंग आणि छोट्या कारखान्यांत पॅनलवरचे एनर्जी मीटर एका जोडतारेवर ओवून ऑफिसातल्या मॉनिटरिंगला जोडलेले असतात. मीटर शाबूत, सॉफ्टवेअर शाबूत, तरी स्क्रीनवर अधूनमधून रीडिंग गोठतं. वायरमन, मेंटेनन्सवाले आणि पॅनल बनवणारे याबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं मॉडबस आरटीयू आणि दोन तारांची आरएस-४८५ लाइन धरून लिहिलं आहे.

मीटर ड्रॉप होतो म्हणजे नेमकं काय होतं? तपासायला सुरुवात कुठून करायची?

पाना-पेचकस हातात घेण्याआधी लॉग बघा. गेटवे, म्हणजे मीटरची लाइन आणि ऑफिसातलं सॉफ्टवेअर जोडणारा डबा, एकेका मीटरला त्याच्या नंबरने हाक मारतो आणि ठरलेल्या वेळात उत्तराची वाट बघतो. यात दोन प्रकारची चूक नोंदली जाते. उत्तर आलंच नाही तर टाइमआउट. उत्तर आलं पण वाटेत बिघडलं तर सीआरसी एरर. वायरिंग उलटी असली, तार तुटली किंवा मीटरचा नंबर चुकला, तर बहुतेक फक्त टाइमआउट दिसतो, आणि तो शंभरातल्या शंभर वेळा दिसतो. नॉइज असला की दोन्ही मिसळून दिसतात. विचारणा वाटेत बिघडली तर मीटर गप्प बसतो, उत्तर बिघडलं तर सीआरसी चुकतो.

म्हणून लॉगला तीन गोष्टी विचारा: कोणते नंबर गळतात, किती वाजता गळतात, आणि त्या वेळी कोणती मशीन चालू असते. एकच मीटर कायम गप्प असेल तर दोष त्या मीटरच्या टर्मिनलवर किंवा सेटिंगमध्ये शोधा. एका ठरावीक मीटरपासून पुढचे सगळे गळत असतील तर त्या आधीच्या जोडापाशी जा. सगळेच मधूनमधून गळत असतील तर लाइनची बायस, म्हणजे शांत लाइनला प्लसकडे धरून ठेवणारे रेझिस्टर, टर्मिनेशन, म्हणजे टोकाचे रेझिस्टर, आणि नॉइज तपासा. ही विभागणी न करता सगळे स्क्रू आवळत सुटलं की दिवस जातो आणि कारण सापडत नाही.

गेटवे एररचा प्रकार दाखवत नसेल, तर लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर लावून एकाच मीटरला सलग विचारत राहा. आधी गेटवेचं पोलिंग, म्हणजे मीटरना विचारत राहणं, बंद करा, कारण एका लाइनवर दोन मास्टर चालत नाहीत. लिनक्सवर असं:

```
mbpoll -m rtu -a 8 -b 9600 -P none -t 4 -r 1 -c 2 -l 500 /dev/ttyUSB0
```

यात `-a` म्हणजे मीटरचा नंबर. रजिस्टर तुमच्या मीटरच्या पुस्तिकेतून घ्या, पॅरिटीही तिथूनच. `Connection timed out` आणि `Invalid CRC` हे दोन संदेश इथे वेगवेगळे दिसतात. थांबवलं की किती विचारणा गेल्या आणि किती चुकल्या याचा हिशेब शेवटी येतो.

'ए' आणि 'बी' मधली प्लस तार कोणती?

नावावर विश्वास ठेवू नका. मॉडबसच्या स्वतःच्या नियमावलीत लाइन शांत असताना 'बी' ही बाजू प्लस असते. पण बाजारातल्या कित्येक मीटर आणि कन्व्हर्टरवर 'ए' म्हणजे प्लस छापलेलं असतं, कारण आतल्या आयसीचे उत्पादक तसं नाव देतात. दोन्ही पद्धती चालू आहेत. त्यामुळे एका कंपनीच्या 'ए' ला दुसऱ्या कंपनीची 'ए' जोडली तर ती बरोबर असेलच असं नाही. 'डी प्लस' आणि 'डी मायनस' अशा खुणा असतील तर गोंधळ कमी होतो.

पारख मल्टिमीटरनेच करायची. पोलिंग थांबवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि गेटवेच्या दोन टर्मिनलवर मोजा. गेटवेमध्ये बायस असेल तर शांत लाइनवर ज्या टर्मिनलला लाल प्रोब असताना रीडिंग प्लस येतं, ती प्लस तार. मग ती तार एकाच रंगाची धरून शेवटच्या मीटरपर्यंत न्या. प्रत्येक टर्मिनलवर नाव काहीही छापलेलं असो, तो मीटर उत्तर देतो त्याच बाजूला ती जोडा. एखादा मीटर अजिबात बोलत नसेल तर त्याच्या दोन तारा अदलाबदल करून बघणं सुरक्षित आहे, त्याने पोर्ट जळत नाही. मात्र मीटरच्या त्याच पट्टीवर ४१५ व्होल्टचे टर्मिनल आणि सीटीच्या तारा असतात. पॅनल बंद करूनच हात घाला, आणि लोड चालू असताना सीटीची तार कधीही उघडू नका, तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो.

एक मीटर उलटा जोडला तर बाकीच्यांना त्रास होतो का?

दोन मार्गांनी होतो, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात.

पहिला मार्ग वेळेचा. उलटा मीटर उत्तर देत नाही, म्हणून गेटवे दर फेरीत त्याची वाट बघतो. टाइमआउट एक सेकंद आणि तीन प्रयत्न असं सेटिंग असेल, तर त्या एका मीटरपायी प्रत्येक फेरीत तीन सेकंद जातात. बाकीचे दहा मीटर मिळून एक-दीड सेकंदात उरकत असतील, तर फेरी एकदम तिप्पट लांबते. सॉफ्टवेअर पाच सेकंदांत नवा आकडा आला नाही की मीटर 'ऑफलाइन' दाखवत असेल, तर असे दोन गप्प मीटर पुरे. धडधाकट मीटरही लाल दिसू लागतात.

दुसरा मार्ग विद्युत. काही मीटरमध्ये स्वतःची बायस असते. असा मीटर उलटा जोडला की तो लाइनला उलट्या दिशेला ओढतो आणि शांत असतानाचा व्होल्टेज घटतो. मग नॉइजला थारा मिळतो आणि भलतेच मीटर गळतात. म्हणून एखादा मीटर बदलल्यानंतर दुसरेच मीटर त्रास देऊ लागले, तर आधी बदललेल्या मीटरकडे जा.

१२० ओहमचा रेझिस्टर कुठे आणि किती लावायचा?

नियम असा की लाइनच्या दोन टोकांना एकेक, मध्ये कुठेही नाही. तपासायला सगळं पॅनल बंद करा, गेटवेही बंद करा पण जोडलेला ठेवा, आणि दोन तारांमध्ये ओहम मोजा. साठच्या आसपास आलं तर दोन रेझिस्टर आहेत. लांब केबलमुळे काही ओहम जास्त येतील. शंभराच्या वर आलं तर एकच आहे. चाळीसच्या आसपास आलं तर कुठेतरी तिसरा दडलेला आहे. तो बहुधा एखाद्या मधल्या मीटरच्या मागच्या छोट्या स्विचमध्ये असतो. काही मीटरमध्ये रेझिस्टर आतच असतो, गेटवेतही असतो, आणि वायरमनने बाहेरून आणखी एक लावलेला असतो.

पण टोकाला रेझिस्टर लावल्यावर त्रास उलट वाढला. असं कसं?

याचं उत्तर कळलं की निम्म्या तक्रारी सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रेझिस्टर लावतात तो टोकावरून परत येणारा प्रतिध्वनी दाबायला. आता हिशेब बघा. ९६०० च्या वेगाने एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. केबलमधून सिग्नल दर मीटर लांबीला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. दोनशे मीटर लाइनवर जाऊन परत यायला दोन मायक्रोसेकंद लागतात. चार-पाच फेऱ्यांत प्रतिध्वनी विरतो, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांत. बिट वाचला जातो तो मधोमध, पन्नास मायक्रोसेकंदांनंतर. तोवर लाइन केव्हाच शांत झालेली असते. एका कारखान्याच्या कुंपणाच्या आत ९६०० च्या लाइनवर टर्मिनेशन नसल्यामुळे मीटर गळतो, असं क्वचितच घडतं. १,१५,२०० चा वेग किंवा पाऊण-एक किलोमीटर लाइन असेल तर गोष्ट वेगळी.

याउलट रेझिस्टरची किंमत मात्र लगेच मोजावी लागते. कोणीच बोलत नसतं तेव्हा लाइनला प्लसकडे धरून ठेवायचं काम बायसचे रेझिस्टर करतात. रिसीव्हरला निश्चित 'एक' वाचायला दोन तारांत किमान ०.२ व्होल्टचा फरक लागतो. त्याहून कमी झाला की लाइन संदिग्ध पट्ट्यात येते. मग बारीकसा झटकाही खोटा स्टार्ट बिट वाटतो आणि पुढची अख्खी फ्रेम बिघडते. जितके १२० ओहमचे रेझिस्टर वाढतील, तितका हा फरक खाली जातो. बायस अजिबात नसेल आणि टोकांना रेझिस्टर असतील, तर फरक शून्यावर येतो. म्हणून बायस न तपासता रेझिस्टर लावत जाणं हा उपाय नव्हे.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल?

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतली एक डाळ मिल. अकरा मीटर, सगळ्यांना मिळून सुमारे १८० मीटरची अर्धा चौरस मिलिमीटर तारेची शिल्डेड ट्विस्टेड पेअर, वेग ९६००. वाट अशी: ऑफिसातला गेटवे, मेन पॅनल, मिलचं पॅनल, मग ड्रायरच्या ब्लोअरचा ड्राइव्ह असलेलं पॅनल, एलिव्हेटर, आणि शेवटी जनरेटरजवळचा अकरावा मीटर. तक्रार दोन प्रकारची होती. सहावा मीटर बदलल्यापासून सगळंच मंद झालं, आणि आठ ते अकरा नंबरचे मीटर दिवसा गळतात, रात्री नाही. "रात्री मिल बंद, म्हणून मीटर आराम करतात का?" असं सुपरवायझरने विचारलं. त्याचा प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारा होता.

लॉगमध्ये सहावा कायम टाइमआउट देत होता. नवा मीटर वेगळ्या कंपनीचा, 'ए' आणि 'बी' उलट छापलेले. तारा अदलाबदल केल्या आणि तो लगेच बोलू लागला. फेरीचा वेळ पूर्ववत झाला. आठ ते अकराचं गळणं मात्र तसंच राहिलं.

मग पॅनल बंद करून ओहम मोजले. ४२ आले. अपेक्षा साठची. सातव्या मीटरच्या मागचा स्विच चालू सापडला, तिसरा रेझिस्टर तोच. वीज परत दिल्यावर पोलिंग थांबवून शांत व्होल्टेज मोजला होता तो ०.१५. गेटवेत बायस होती, ५ व्होल्टला ६८० ओहमची जोडी, पण तीन रेझिस्टरच्या ओझ्याखाली ती दबली होती. सातव्याचा स्विच बंद केल्यावर ऑफिसच्या टोकाला ०.२१ झाला. लांबच्या टोकाला तो केबलच्या रोधामुळे आणखी थोडा कमी, म्हणजे अजून काठावरच. लाइन १८० मीटरची आणि वेग ९६०० चा, म्हणून शेवटच्या मीटरवरचा रेझिस्टरही काढला आणि गेटवेतला एकच ठेवला. शांत व्होल्टेज ०.३७ वर गेला. चुका बऱ्याच कमी झाल्या, संपल्या नाहीत.

उरलेल्यासाठी ड्रायरचा ड्राइव्ह तपासला. त्याला नुसता सप्लाय दिला, रन दाबलं नाही: एकही चूक नाही. रन दाबलं, आणि आठव्या मीटरवर `Invalid CRC` येऊ लागलं. मोटर न फिरवता फक्त ड्राइव्हला वीज दिली तर त्याचे आउटपुटचे स्विच चालत नाहीत, म्हणून ही चाचणी नॉइजचा उगम ठरवते. ट्रेमध्ये ड्राइव्ह ते मोटर जाणारी केबल आणि आपली लाइन सुमारे पंचवीस मीटर अंगाला अंग लावून चालली होती. शिवाय सातव्या मीटरच्या जोडावर शिल्ड कापून टेप गुंडाळली होती, म्हणजे पुढच्या भागाला शिल्ड नावापुरतीच. लाइन वेगळ्या लोखंडी पाइपातून एक फूट दूर नेली. मोटरची केबल जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडली. शिल्ड जोडावर सलग केली आणि फक्त गेटवेच्या टोकाला अर्थ केली. त्यानंतर ड्रायर पूर्ण वेगाने चालवत आठ ते अकरा मीटरला सलग विचारणा लावून ठेवली. चूक आली नाही.

या उदाहरणात तीन दोष एकावर एक बसले होते. एकेक करून काढले आणि प्रत्येक बदलानंतर मोजलं, म्हणून कोणत्या बदलाने काय झालं हे कळलं. एकदम सगळं बदललं असतं तर रेझिस्टर परत कोणीतरी लावला असता.

शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करू नये का?

कारखान्यातल्या या कामात एकाच टोकाला करा. दोन पॅनलच्या अर्थिंगमध्ये फरक असला की दोन्हीकडे जोडलेल्या शिल्डमधून त्या फरकाचा करंट वाहतो. ड्राइव्हच्या मोटर केबलचा नियम मात्र उलटा आहे. तिची आर्मर किंवा शिल्ड ड्राइव्ह आणि मोटर अशा दोन्ही टोकांना पक्की जोडायची, तिथे हाय फ्रिक्वेन्सी करंटला जवळचा परतीचा रस्ता द्यायचा असतो. ही दोन कामं एकमेकांत मिसळू नका.

उन्हाळ्यातच त्रास वाढतो. याचं काही कारण?

असू शकतं. आपली काळी माती वाळली की भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल गेली की रोध वाढतो आणि लांबच्या शेडचा अर्थ ऑफिसच्या अर्थापेक्षा वेगळ्या पातळीवर जातो. आरएस-४८५ चा रिसीव्हर स्वतःच्या कॉमनच्या तुलनेत −७ ते +१२ व्होल्टपर्यंतच सहन करतो. त्याच्या पलीकडे गेलं की दोन तारांतला फरक कितीही चांगला असो, वाचन चुकतं, कधी पोर्टही जातो.

दोन्ही पॅनल चालू असताना लाइनच्या कॉमनच्या सापेक्ष लांबच्या पॅनलचा अर्थ किती व्होल्टवर आहे, हे एसी आणि डीसी दोन्हीवर मोजा. काही व्होल्ट दिसत असतील तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. मग लाइनमध्ये तिसरी तार कॉमन म्हणून सगळ्या मीटरच्या जीएनडी टर्मिनलना जोडा, जिथे ते दिलेलं असेल तिथे. लांबच्या शेडसाठी आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या. अर्थ आणि जीएनडी एकच समजून जोडू नका. माझं मत विचाराल तर आयसोलेशन नसलेला स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर कारखान्यात कायमचा लावूच नये. तो चाचणीपुरता ठीक.

वळवाच्या पावसानंतर एकदम तीन-चार मीटर गप्प झाले.

मे-जूनच्या गडगडाटी पावसात शेड ते शेड उघड्यावरून गेलेली लाइन वीज जवळ पडली तरी झटका खाते. मीटर मोजत राहतो, डिस्प्लेवर आकडे चालू, फक्त पोर्ट गेलेला असतो. कधी तो पोर्ट दोन्ही तारांत शॉर्ट होऊन बसतो आणि सगळी लाइन गिळतो. लाइन मधोमध सोडा आणि गेटवेकडचा अर्धा भाग चालवून बघा. तो चालला तर दोष पुढे, नाही चालला तर याच अर्ध्यात. प्रत्येक वेळी अर्धं करत गेलं की अकरा मीटरमधला दोषी चार पायऱ्यांत सापडतो. शेडबाहेर जाणाऱ्या भागाला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थ तार आखूड ठेवा.

लाइट जाऊन जनरेटरवर आल्यावर सगळे मीटर एकदम गळतात. ही पण लाइनची चूक का?

नाही. चेंजओव्हरच्या वेळी मीटरचा स्वतःचा सप्लाय जातो आणि ते नव्याने सुरू होतात. सगळे एकाच क्षणी गेले आणि काही सेकंदांत एकत्र परत आले, तर लाइनला हात लावू नका.

वेग ४८०० किंवा २४०० केला तर भागेल का?

थोडं. बिट लांब झाला की छोटे झटके त्यात मावतात. पण शांत व्होल्टेज ०.१५ असेल तर तो तसाच राहील, आणि कॉमनचा फरकही तसाच. शिवाय फेरी लांबते. केबलची वाट बदलणं शक्यच नसेल तेव्हा हा मार्ग घ्या, आणि प्रत्येक मीटरमध्ये वेग जाऊन बदलावा लागेल हे धरून चला.

स्टार जोडणी चालते का? आमच्याकडे मेन पॅनलमधून चार बाजूंना तारा गेल्या आहेत.

९६०० वर छोट्या फांद्या चालून जातात, आणि वरच्या हिशेबाने बघितलं तर चार फांद्याही बहुधा बोलतील. अडचण दुसरी आहे. लाइनला टोकं दोन उरत नाहीत, रेझिस्टर कुठे लावायचा हे ठरत नाही, आणि दोष अर्ध्या-अर्ध्याने शोधता येत नाही. नवीन काम असेल तर एका मीटरच्या टर्मिनलवरून पुढच्या मीटरला अशी सलग ओवा. जुनं असेल आणि फांद्या लांब असतील तर रिपीटर हब घालून प्रत्येक फांदी वेगळी करा.

महावितरणच्या मीटरवरूनच थेट डेटा घेता येईल का?

तो सीलबंद असतो, त्याला हात लावायचा नाही. इथलं सगळं तुमच्या स्वतःच्या पॅनलमधल्या मीटरबद्दल आहे. बिलाशी ताळा करायचा असेल तर मेन इनकमरवर स्वतःचा मीटर बसवा आणि महिन्याच्या रीडिंगच्या दिवशी दोन्हींचे आकडे शेजारी लिहून ठेवा.